स्वच्छतेच्या लेखी परीक्षेतील प्रश्न क्रमांक २७ : चूक प्रशिक्षणार्थींची, प्रश्नाची की पुस्तिकेची?

काटेकोर

नमस्कार. हॉटेल व्यवसायाचे प्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना मी स्वच्छता आणि अन्नहाताळणी हा विषय शिकवतो. सत्राच्या शेवटी ४० प्रश्नांची लेखी परीक्षा असते, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ३० उत्तरे बरोबर यावी लागतात. सर्व प्रश्न संस्थेच्या प्रशिक्षण पुस्तिकेवरूनच काढायचे, बाहेरचे काही विचारायचे नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. या वेळी ३२ जण बसले आणि एका प्रश्नाने मला चक्रावून टाकले. तो प्रश्न जसाच्या तसा देतो. त्यातला स्टॉक म्हणजे हाडे उकळून काढलेला रस.

"स्टॉकचे २० लिटरचे पातेले दुपारी २ वाजता ५७ अंश सेल्सिअसवर असताना चिलरमध्ये ठेवले. त्याच्या मध्यभागाचे तापमान ४ वाजता ३० अंश आणि रात्री ८ वाजता ५ अंश भरले. हा स्टॉक दुसऱ्या दिवशी वापरता येईल का?
अ) होय, कारण तो ६ तासांत ५ अंशांवर आला.
आ) होय, परंतु वापरण्यापूर्वी ७४ अंशांपर्यंत तापवावा लागेल.
इ) नाही, कारण पहिल्या दोन तासांत तो २१ अंशांवर उतरला नाही.
ई) नाही, कारण स्टॉक दुसऱ्या दिवशी कधीच वापरू नये."

उत्तरसूचीप्रमाणे "इ" बरोबर आहे. ते ११ जणांनी लिहिले, १७ जणांनी "अ" लिहिले, चौघांनी "आ", आणि "ई" कोणीच नाही. प्रश्न अवघड गेला, एवढेच असते तर मी येथे लिहिले नसते. एकूण गुणांत वर असलेल्या पहिल्या नऊ जणांपैकी दोघांचेच उत्तर बरोबर आले आहे आणि तळाच्या नऊ जणांपैकी चौघांचे. म्हणजे ज्यांनी अभ्यास केला, तेच जास्त चुकले. शिवाय तिघे जण २९ गुणांवर अडकले असून तिघांनीही "अ" लिहिले आहे. माझ्या शिकवण्यात खोट आहे की प्रश्नात, हे ठरवायला जाणकारांनी मदत करावी.

---

जुना बल्लव

उत्तर "इ" हेच बरोबर आहे, त्याबद्दल मनात शंका ठेवू नका. मात्र मुले "अ"कडे का वळली असावीत, याचा मला अंदाज आहे, आणि त्यासाठी हा नियम दोन टप्प्यांचा का आहे हे पाहावे लागेल.

मांसाच्या स्टॉकमध्ये आपल्याला सर्वाधिक धाक क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूचा असतो. त्याचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. उलट शिजवल्याने त्यांना जाग येते आणि उकळीमुळे पातेल्यातला प्राणवायू निघून गेलेला असल्यामुळे त्यांना हवे तसे घर मिळते. स्टॉक निवत निवत ४५ अंशांच्या आसपास आला की त्यांची चंगळ सुरू होते. अनुकूल स्थितीत त्यांची संख्या सुमारे १० मिनिटांत दुप्पट होते. अगदी सुरुवातीला ते थोडे रेंगाळतात, परंतु एकदा वेग घेतला की दोन तासांत बारा वेळा दुप्पट होणे शक्य असते, म्हणजे एकाचे चार हजारांहून अधिक. तेच तापमान २० अंशांच्या खाली गेले की ही वाढ फार मंदावते आणि साधारण १२ अंशांच्या खाली जवळजवळ थांबते.

म्हणून नियम करणाऱ्यांनी वेळ सरसकट वाटून दिलेली नाही. ५७ ते २१ हा धोक्याचा उतार दोन तासांत संपवा, आणि २१ ते ५ या त्यामानाने निवांत उताराला उरलेला वेळ घ्या, असा त्यामागचा हिशेब आहे. तुमच्या प्रश्नातला स्टॉक दोन तासांनंतरही ३० अंशांवर आहे, म्हणजे त्याने सर्वांत वाईट पट्ट्यात मुक्काम केला आहे. रात्री ८ वाजता तो ५ अंशांवर पोहोचला म्हणून मधल्या काळात झालेली वाढ पुसली जात नाही.

एक विचारतो. पुस्तिकेत हा नियम नेमक्या कोणत्या शब्दांत दिला आहे? पान उघडून तेथील वाक्य येथे लिहा, स्मरणाने नको.

---

रातपाळी

मी अकरा वर्षे रात्रीच्या पाळीत स्टॉक आणि सॉस सांभाळतो आहे, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. बल्लव साहेबांनी सांगितलेले जिवाणू ७४ अंशांवर मरतात की नाही? मरतात. मग दुसऱ्या दिवशी खळखळून उकळी आणल्यावर त्या स्टॉकमध्ये काय उरले? माझ्या मते "आ" हे उत्तरही बरोबर धरायला हवे, आणि ज्या चौघांनी ते लिहिले त्यांनी निदान स्वयंपाकघरात काम केलेले असावे. वीस लिटर स्टॉक ओतून टाका असे पुस्तकात लिहिणे सोपे असते. रात्री अकरा वाजता नव्याने हाडे भाजायला लावणे वेगळे.

---

जुना बल्लव

रातपाळी, तुमचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. परफ्रिंजन्सच्या वाढलेल्या पेशी नीट तापवल्यावर मरतात हे खरे. त्याचा त्रास मुख्यत्वे जिवंत पेशी मोठ्या संख्येने पोटात गेल्यावर होतो.

परंतु पातेल्यात फक्त तोच आहे, हे आपल्याला कोणी सांगितले? बॅसिलस सीरियस हा दुसरा बीजाणूवाला, विशेषतः भात आणि पिष्टमय पदार्थांत वाढणारा. वाढताना तो जे उलटी आणणारे विष सोडतो, ते १२१ अंशांवर दीड तास ठेवले तरी टिकते. तुमच्या उकळीला ते दाद देत नाही. हाताला कापलेले असताना किंवा शिंकेतून पदार्थात गेलेल्या स्टॅफिलोकॉकसचे विषही उकळीला पुरून उरते. तापवल्याने जिवाणू मरतात, त्यांनी आधीच टाकलेले विष मात्र मागे राहते. पातेल्याकडे बघून, वास घेऊन किंवा चाखून यातले काहीही कळत नाही, म्हणून नियम वेळेवर आणि तापमानावर बांधलेला आहे.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मात्र आहे आणि तो प्रश्नात राहून गेला आहे. पहिले दोन तास पूर्ण होताच, म्हणजे ४ वाजता, तापमान २१ च्या वर सापडले, तर पदार्थ लगेच ७४ अंशांपर्यंत तापवून निवण्याची क्रिया नव्याने आणि या वेळी नीट करण्याची मुभा बऱ्याच पुस्तिका देतात. ही मुभा ४ वाजता आहे. रात्री ८ वाजता नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तर नाहीच. "आ" या पर्यायात "वापरण्यापूर्वी" असा शब्द आहे, त्यामुळे तो चूकच ठरतो. परंतु ज्याने ही मुभा वाचली आहे आणि जो घाईत आहे, त्याला तो पर्याय ओळखीचा वाटणार.

---

अंगणातली चूल

विषय वाचून आले. आमच्या लहानपणापासून घरात एकच सांगितले जाते की, गरम भांडे फ्रिजमध्ये ठेवू नये, आधी बाहेर पूर्ण निवू द्यावे. तेव्हा प्रश्नातल्या माणसाने ५७ अंशांचे पातेले चिलरमध्ये ठेवले, हीच मूळ चूक नाही का? तसा पर्याय प्रश्नात का दिला नाही?

---

मोजपट्टी

अंगणातली चूल, येथे प्रश्न परीक्षेचा चालला आहे, तरी तुमच्या शंकेला उत्तर द्यायला हवे, कारण हीच समजूत घेऊन अनेक प्रशिक्षणार्थी वर्गात येतात. मोठे गरम पातेले चिलरमध्ये ठेवल्याने आजूबाजूच्या वस्तूंचे तापमान वाढते, हे खरे आहे. परंतु त्यावर उपाय म्हणून ते ओट्यावर "पूर्ण निवू देणे" म्हणजे बल्लव यांनी सांगितलेल्या पट्ट्यात त्याला तासन् तास बसवणे होय. उपाय भांडे बदलण्यात आहे, वाट पाहण्यात नाही.

आता काटेकोर यांच्या मूळ प्रश्नाकडे. मी परीक्षा आणि मूल्यमापन या विषयात काम करते, स्वयंपाकघरात नाही, तेव्हा पाकक्रियेबद्दल चुकले तर सांभाळून घ्यावे.

वरच्या नऊ जणांत दोन आणि खालच्या नऊ जणांत चार बरोबर, हे चित्र प्रश्न "अवघड" असल्याचे नाही. अवघड प्रश्नात निदान वरचे विद्यार्थी खालच्यांपेक्षा थोडे तरी पुढे असतात. येथे उलटे झाले आहे, आणि असे झाले की मी तीन ठिकाणी शोधते. उत्तरसूचीत चूक आहे का, प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे आहेत का, किंवा अभ्यास केलेल्यालाच फसवील असे काही अभ्यासाच्या साहित्यात आहे का. पहिली शक्यता बल्लव यांनी निकालात काढली. मला तिसरीचा संशय आहे. मात्र ३२ जणांच्या गटात दोघांचा फरक हा योगायोगही असू शकतो, एवढे ध्यानात ठेवावे. आकडा फक्त कोठे पाहायचे ते सुचवतो.

दुसरी गोष्ट मला प्रश्नातल्या आकड्यांत खटकली. चिलर ४ अंशांवर आहे असे धरू. सुरुवातीला पातेले त्याच्यापेक्षा ५३ अंशांनी गरम आहे आणि दोन तासांनी २६ अंशांनी, म्हणजे फरक दोन तासांत निम्मा झाला. निवण्याची क्रिया साधारण अशीच चालते, ठरावीक वेळात फरक निम्मा होत जातो. मग ६ वाजता फरक १३ राहील आणि ८ वाजता साडेसहा, म्हणजे स्टॉक साडेदहा अंशांवर असेल. ५ अंशांवर यायला फरक १ उरावा लागतो आणि त्यासाठी या वेगाने साडेअकरा तासांच्या आसपास लागतील. तुमच्या प्रश्नातला स्टॉक पहिल्या दोन तासांत रेंगाळला आणि नंतर धावत सुटला. असे तेव्हाच होईल, जेव्हा ४ वाजता कोणी तरी काहीतरी केले असेल, आणि प्रश्न त्याबद्दल गप्प आहे. विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला येथे "कोणी तरी दुरुस्ती केली असावी, म्हणजे स्टॉक वाचला" असे वाटू शकते.

---

काटेकोर

मोजपट्टी, आकडे मी मनानेच घातले होते, हे कबूल करतो. "पहिला टप्पा चुकलेला, दुसरा साधलेला" असे उदाहरण हवे होते म्हणून सोयीचे आकडे घेतले. पातेले तसे निवेल का, हा विचार मनात आला नाही.

बल्लव साहेब, पुस्तिका उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. प्रकरणात नियम पूर्ण दिला आहे : "५७ वरून २१ अंश २ तासांत आणि त्यापुढे ५ अंश किंवा कमी ४ तासांत." परंतु पुस्तिकेच्या शेवटी परीक्षेच्या तयारीसाठी एक पानी तक्ता आहे, त्यात "शिजवलेले अन्न निववणे" या ओळीपुढे फक्त "५७ ते ५ अंश, एकूण ६ तास" एवढेच छापले आहे. मी त्या तक्त्याची झेरॉक्स काढून सर्वांना वाटली होती, आणि तो पाठ करा, असे मीच सांगितले होते.

आज वरच्या नऊ जणांपैकी पाच जणांशी बोललो. चौघांनी तक्ता पाठ केला होता आणि त्यांना प्रश्नात ६ तास व ५ अंश दिसताच उत्तर सापडले. तळाच्या ज्या चौघांचे उत्तर बरोबर आले, त्यांतल्या एकाला विचारले तर तो म्हणाला, "सर, तक्ता माझ्याकडे नव्हता. तुम्ही वर्गात दोन तासांचे बोलला होतात ते आठवले."

---

जुना बल्लव

मला हेच अपेक्षित होते, आणि गंमत अशी की तक्ता करणाऱ्याने काही खोटे लिहिलेले नाही. हे आकडे फूड कोड या अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमावलीतून आलेले आहेत. तेथे मूळ मांडणीच अशी आहे की, २ तासांत ५७ वरून २१, आणि एकूण ६ तासांत ५७ वरून ५. तक्ता करणाऱ्याला जागा कमी पडली आणि त्याने अर्धे वाक्य कापले. जे कापले ते महत्त्वाचे होते.

या मांडणीतून आणखी एक बारकावा निघतो, जो तुमच्या प्रकरणातील वाक्यात हरवला आहे. "त्यापुढे ४ तास" असे लिहिले की विद्यार्थ्याला वाटते, दुसऱ्या टप्प्याला चारच तास मिळतात. प्रत्यक्षात पहिला टप्पा एका तासात उरकला तर दुसऱ्याला पाच तास मिळतात, कारण बंधन एकूण सहाचे आहे. उद्या कोणी असा प्रश्न काढला की २१ अंश ३ वाजता आणि ५ अंश ७:३० वाजता, तर प्रकरण वाचणारा "चूक" म्हणेल, तक्ता वाचणारा "बरोबर" म्हणेल, आणि या वेळी तक्ता वाचणारा खरा ठरेल.

आणि हे आकडे जगात सगळीकडे एकच आहेत असे समजू नका. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेच्या सामुदायिक भोजनासाठीच्या १९९३ च्या संहितेत ६० वरून १० अंश दोन तासांच्या आत आणि मग लगेच ४ अंशांवर साठवण, अशी अट आहे. दुसऱ्या ठिकाणी शिकून आलेला मुलगा तो आकडा मनात धरून बसला असेल. म्हणून प्रश्नाच्या तोंडी "या पुस्तिकेनुसार" हे शब्द घालावेत.

---

नवशिक्या ९

मी स्वतः अशाच परीक्षेला बसलो होतो, काटेकोर सरांकडे नाही, दुसरीकडे. माझा अनुभव सांगतो. आम्हाला विचारले होते की हात किती सेकंद धुवावेत. पर्याय होते १०, १५, २० आणि ३०. पुस्तिकेत २० लिहिले होते, परंतु हात धुण्याच्या जागी लावलेल्या चित्रफलकावर "१० ते १५ सेकंद चोळा" असे होते आणि तो फलक आम्ही दिवसातून वीस वेळा पाहत होतो. मी १५ लिहिले आणि एका गुणाने राहिलो. नंतर कळले की दोन्ही बरोबर होते. साबण लावून चोळणे १० ते १५ सेकंद आणि ओले करणे, धुणे, पुसणे धरून एकूण २०. मी विचारायला गेलो तर उत्तर मिळाले की, परीक्षा पुस्तिकेवर आहे, फलकावर नाही. सर, त्या तिघांना गुण द्या, एवढीच विनंती.

---

मोजपट्टी

नवशिक्या ९, तुमचे उदाहरण या धाग्यातल्या प्रश्नाचे सख्खे भावंड आहे. "धुणे" या एका शब्दात दोन वेगवेगळ्या वेळा लपल्या होत्या आणि प्रश्न काढणाऱ्याने कोणती वेळ विचारली ते सांगितले नाही.

गुणांबाबत माझे मत असे आहे. छापील साहित्याच्या एका पानाप्रमाणे "अ" बरोबर ठरत असेल, तर हा प्रश्न मोजणीतून काढून ३९ पैकी हिशेब करावा आणि उत्तीर्णतेची रेषा त्याच प्रमाणात, म्हणजे सव्वाएकोणतीसवर आणावी. "अ" लिहिणाऱ्यांना सरसकट गुण देऊ नयेत, कारण मग ज्या ११ जणांनी खरा नियम ओळखला त्यांना त्याचे काहीच मिळत नाही.

---

रातपाळी

सव्वाएकोणतीसची रेषा म्हणजे २९ वाले तिघे पुन्हा पाव गुणाने बाहेर! हा न्याय मला समजला नाही. आणि ११ जणांचा बरोबर आलेला एक गुण काढून घेतला तर त्यांच्यापैकी कोणी नेमका ३० वर असेल, तो उगाच खाली येईल, त्याचे काय?

बल्लव साहेबांचे विषाबद्दलचे म्हणणे मात्र पटले. भाताचे मी मानतोच, स्टॉकबद्दल इतका विचार केला नव्हता.

---

काटेकोर

गुणांचा निर्णय माझ्या एकट्याच्या हातात नाही. दोन्ही बाजू लिहून परीक्षा समितीकडे दिल्या आहेत. रातपाळी यांची शंका रास्त आहे, एक मुलगी नेमकी ३० वर आहे आणि तिचे २७ व्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आहे.

दरम्यान मोजपट्टी यांचे गणित डोक्यातून जाईना, म्हणून काल प्रशिक्षणाच्या स्वयंपाकघरात स्वतः मोजून पाहिले. आधी तापमापकाचा प्रोब बर्फाच्या कुटात घालून ० दाखवतो की नाही ते तपासले. तो १ अंश जास्त दाखवत होता, तेवढा सारखा करून घेतला. मग खोल पातेल्यात २० लिटर पाणी ५७ अंशांवर आणून ४ अंशांच्या चिलरमध्ये ठेवले आणि प्रोब मध्यभागी ठेवून नोंदी घेतल्या. दुपारी २ वाजता ५७, ३ वाजता ५१, ४ वाजता ४६, ६ वाजता ३७, रात्री ८ वाजता ३०. मी प्रश्नात ४ वाजता लिहिलेले ३० अंश प्रत्यक्षात रात्री ८ वाजता उजाडले! पहाटेच्या पाळीतल्या सहकाऱ्याने सकाळी ६ वाजता पाहिले तेव्हा १२ होते. एका गोष्टीने तर मी चमकलो. ४ वाजता पातेल्याच्या बाहेरून हात लावला तेव्हा ते नुसते कोमट लागत होते, आणि पृष्ठभागाजवळ कडेला प्रोब धरला तर तो मध्यापेक्षा चार अंश कमी दाखवत होता.

आज तेवढेच पाणी तीन मोठ्या ट्रेमध्ये ओतले, प्रत्येकात जेमतेम साडेचार सेंटिमीटर खोल. ट्रेखाली बर्फाचे पाणी ठेवले आणि दर पाच मिनिटांनी ढवळले. २ वाजता ५७ होते, २:४० ला २१ झाले. मग ट्रे झाकण न लावता चिलरच्या वरच्या फळीवर ठेवले आणि सव्वासहाला ५ अंश मिळाले.

---

जुना बल्लव

छान केलेत. फक्त हे पाण्याचे आकडे आहेत हे विसरू नका. पाणी आतल्या आत फिरते आणि उष्णता बाहेर आणून देते. दाट सॉस किंवा गाळ असलेला रस फिरत नाही, त्याचा मध्य याहून बराच जास्त वेळ गरम राहतो. म्हणून दाट पदार्थांत ढवळणे आणि खोली कमी ठेवणे यांना पर्याय नाही. ट्रे उघडे ठेवताना ते वरच्याच फळीवर असावेत, वर कच्चे मांस टपकत असेल तर सगळी मेहनत वाया.

---

काटेकोर

या नोंदींवरून नवा प्रश्न असा केला आहे. कृपया फोडून पाहा.

"२० लिटर स्टॉकचे खोल पातेले दुपारी २ वाजता ५७ अंशांवर चिलरमध्ये ठेवले. ३ वाजता मध्यभागी ५१ अंश भरले. या पुस्तिकेनुसार आता काय करावे?
अ) पातेले तसेच ठेवावे, कारण ५ अंशांवर येण्यासाठी आणखी ५ तास आहेत.
आ) पातेल्याला झाकण लावून ते चिलरच्या मागच्या, अधिक थंड भागात सरकवावे.
इ) स्टॉक उथळ ट्रेमध्ये ओतून, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहावे आणि ४ वाजण्यापूर्वी २१ अंश गाठावेत.
ई) रात्री ८ वाजता तापमान पाहावे आणि ५ च्या वर असल्यास ७४ अंशांपर्यंत तापवावे."

---

मोजपट्टी

हा पूर्वीपेक्षा पुष्कळ बरा आहे. येथे "अ" निवडणारा तक्ता पाठ करणारा असेल, "ई" निवडणारा रातपाळी यांच्या जुन्या मताचा असेल, आणि "आ" निवडणारा झाकणाने उष्णता कोंडते हे न जाणणारा. कोण कोठे चुकले ते उत्तरावरूनच कळेल.

माझी तक्रार एकच. "इ" हा पर्याय बाकीच्यांपेक्षा लांब आणि तपशीलवार आहे. विषय न येणारेही लांबलचक पर्यायावर खूण करून गुण मिळवतात, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. तो कापून "स्टॉक उथळ ट्रेमध्ये ओतून बर्फाच्या पाण्यावर ढवळावा" एवढाच ठेवा.

---

जुना बल्लव

मलाही एक खोड सापडली. ३ वाजता पुन्हा ७४ पर्यंत तापवून उथळ ट्रेमध्ये नव्याने निववणे हेही चुकीचे नाही, नसती उठाठेव असली तरी. पर्यायांत ते नाही म्हणून चालून जाईल. पुढेमागे कोणी "ई" बदलून "लगेच ७४ पर्यंत तापवावे" असे केले, तर प्रश्नाला दोन उत्तरे होतील. प्रश्नपेढीत तशी टीप लिहून ठेवा.

---

रातपाळी

प्रश्न चांगला आहे, परंतु लेखी उत्तर "इ" देणारा माणूस रात्री तसे करील याची खात्री कोण देणार? आमच्या चिलरमध्ये वरची फळी कधीच रिकामी नसते. तीन मोठे ट्रे उघडे ठेवायला जागा करायची म्हणजे आधी अर्धा तास आवराआवर. प्रशिक्षणार्थीला नियम पाठ असतो आणि जागा नसते, मग तो पातेलेच ढकलून देतो. पुस्तिकेत जागेबद्दल एक ओळ नाही.

---

काटेकोर

खरे आहे, नाही. लेखी परीक्षेतून तेवढेच कळते की माणसाला ३ वाजता काय दिसायला हवे. पुढचे आम्ही प्रात्यक्षिकात पाहू. पुढच्या सत्रात प्रत्येकाला प्रोब आणि नोंदवही देऊन २ वाजता खरे पातेले हातात द्यायचे, आणि चिलरची वरची फळी मुद्दाम भरलेली ठेवायची, असे ठरवतो आहे.

पुस्तिकेच्या तक्त्यावर तूर्त हाताने "२ तासांत २१" असे लिहून नवी झेरॉक्स काढली आहे. समितीचा गुणांबाबतचा निर्णय सोमवारी येईल.